राउटरचं घड्याळ: टाइम झोन, वेळजुळणी आणि बिघडलेली वेळापत्रकं

मुलांच्या टॅबलेटसाठी रात्री दहा ते सकाळी सहा इंटरनेट बंद असा नियम लावलाय. प्रत्यक्षात रात्री नेट खुशाल चालू असतं आणि सकाळी अभ्यासाच्या वेळी मात्र साडेअकरापर्यंत बंद. अशी तक्रार आली की बहुतेक जण नियमच पुन्हा पुन्हा तपासत बसतात. मी आधी एकच गोष्ट विचारतो: राउटरच्या पानावर आत्ता किती वाजलेत? या तक्रारीचं उत्तर तिथेच सापडतं. घड्याळ बरोबर पाच तास तीस मिनिटं मागे असतं. नियम बरोबर असतो, राउटरही तो इमानेइतबारे पाळत असतो, फक्त स्वतःच्या घड्याळाप्रमाणे.

राउटर पहिल्यांदाच हाताळणाऱ्यांनाही हे स्वतः शोधून दुरुस्त करता यावं म्हणून हा लेख आहे. उदाहरणासाठी भारतीय वेळ घेतली आहे, कारण तिच्यातल्या अर्ध्या तासामुळे चूक चटकन ओळखू येते. तुम्ही दुसऱ्या देशात असाल तर आकडे तिथले घ्या, पद्धत तीच.

वेळ आणि टाइम झोन या दोन वेगळ्या गोष्टी

घरगुती राउटरमध्ये बहुधा बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. कॉम्प्युटर बंद केला तरी आतल्या छोट्या सेलवर त्याची वेळ पुढे सरकत राहते. राउटरची वीज गेली की त्याला काहीच आठवत नाही. पुन्हा सुरू झाल्यावर तो एखाद्या ठरलेल्या जुन्या वेळेपासून मोजायला लागतो. काही राउटर १ जानेवारी १९७० पासून सुरू करतात, काही त्यांचं फर्मवेअर, म्हणजे राउटर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, ज्या दिवशी तयार झालं त्या तारखेपासून.

इंटरनेट जोडलं गेलं की राउटर एखाद्या वेळ-सर्व्हरला विचारतो आणि घड्याळ जुळवून घेतो. ही विचारणा एनटीपी नावाच्या पद्धतीने होते. १९८५ पासून वापरात असलेली ही पद्धत यूडीपीच्या १२३ क्रमांकाच्या पोर्टवरून चालते. नवख्यांचा गोंधळ पुढच्या एका गोष्टीने होतो. एनटीपी सर्व्हर कधीही तुमची स्थानिक वेळ सांगत नाही. तो फक्त यूटीसी, म्हणजे जगभर एकच असलेली प्रमाणवेळ सांगतो. तुम्ही कुठे आहात हे त्याला माहीत नसतं आणि माहीत असायची गरजही नसते. यूटीसीमध्ये साडेपाच तास मिळवून ‘आता सकाळचे नऊ वाजले’ असं ठरवणं हे राउटरचं काम, आणि त्यासाठी त्याला टाइम झोन तुम्ही सांगायचा असतो.

म्हणून बिघाडही दोन तऱ्हेचे होतात. एक, यूटीसीच चुकीची आहे, म्हणजे जुळणी झालेलीच नाही. दोन, यूटीसी बरोबर आहे पण तिचं स्थानिक वेळेत रूपांतर चुकतंय, म्हणजे टाइम झोन चुकला. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. म्हणून आधी निदान करा, मग हात लावा.

आधी फरक मोजा

मोबाइलवरचं घड्याळ समोर ठेवा, राउटरच्या पानावर लॉग-इन करा आणि वेळ कुठे दिसते ते शोधा. बहुतेक राउटरमध्ये ती `Status`, `System` किंवा `Administration` अशा नावाखाली असते. पान एकदा रिफ्रेश करा, कारण काही पानांवर वेळ उघडल्या क्षणाचीच राहते. आता मोबाइल आणि राउटर यांच्यातला फरक कागदावर लिहा. तास, मिनिटं आणि तारीखसुद्धा.

फरक गोल आकड्यात असेल तर दोष टाइम झोनचा. राउटर साडेपाच तास मागे असेल तर झोन यूटीसीवरच राहिलाय. अर्धा तास मागे असेल तर यादीतून +०५:३० ऐवजी +०५:०० निवडलं गेलंय. दोन्ही ओळी एकाखाली एक असल्याने हे सहज घडतं. पंधरा मिनिटं पुढे असेल तर काठमांडूची ओळ निवडलीय, नेपाळची वेळ यूटीसीच्या पाच तास पंचेचाळीस मिनिटं पुढे असते. अडीच तास पुढे असेल तर कारखान्यातून आलेला +०८:०० तसाच राहिलाय. बरोबर एक तास पुढे असेल तर ‘डेलाइट सेव्हिंग’चा चौकोन खूण करून ठेवलाय, भारतात उन्हाळी वेळ पाळत नाहीत, म्हणून ती खूण काढा. आणि तब्बल अकरा तास मागे असेल तर अधिक-उणेचं चिन्ह उलटं पडलंय. ते कसं पडतं, ते पुढे येईलच.

फरक अडनिडा असेल, म्हणजे सात मिनिटं किंवा तीन दिवस चार तास, तर जुळणी होत नाहीये. वर्षच जुनं दिसत असेल तर राउटर सुरू झाल्यापासून एकदाही जुळणी झालेली नाही.

इथे एक बारकावा आवर्जून पाहण्यासारखा आहे. काही राउटरच्या पानावर `1970-01-01 05:32:10` असं काहीतरी दिसतं. वर्ष १९७०, पण वेळ पहाटे साडेपाचच्या पुढची. याचा अर्थ टाइम झोन बरोबर लागलाय: मोजणी यूटीसीच्या शून्य तासापासून सुरू झाली आणि त्यात साडेपाच तास मिळवले गेले. जुळणी मात्र झालेली नाही, आणि राउटर सुरू होऊन जेमतेम दोन मिनिटं झालीत. अशा वेळी झोनच्या सेटिंगला अजिबात हात लावू नका. तिथे सगळं ठीक आहे.

सेटिंग करायचा क्रम

पहिली पायरी टाइम झोनची. यादीत शहराचं नाव असेल तर शहर निवडा, नुसता आकडा नको. भारतासाठी `Asia/Kolkata`, किंवा `(GMT+05:30)` ने सुरू होणारी ओळ. भारतात आकडा निवडला तरी चालून जातं, कारण वर्षभर तोच असतो. युरोप किंवा अमेरिकेत राहणाऱ्यांनी मात्र शहरच निवडावं, कारण शहरासोबत उन्हाळी वेळेचा नियमही येतो. युरोपात घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे जातात. अमेरिकेत हे मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतं. नुसता आकडा निवडला तर वर्षातून दोनदा सगळी वेळापत्रकं तासाभराने सरकतात, आणि तोपर्यंत सेटिंग केल्याचं कुणाच्या लक्षातही राहिलेलं नसतं.

दुसरी पायरी, आपोआप जुळणी चालू करणं. पर्यायाचं नाव `NTP`, `Get time from Internet`, `Automatically synchronize` असं काहीही असू शकतं. सर्व्हरच्या रकान्यात आधीच काही भरलेलं असेल आणि चालत असेल तर ते तसंच ठेवा. रिकामं असेल तर पुढची नावं भरा:

```
0.pool.ntp.org
1.pool.ntp.org
time.cloudflare.com
```

एकाऐवजी दोन-तीन नावं द्यावीत, म्हणजे एक सर्व्हर बंद असला तरी काम अडत नाही. एक गोष्ट मात्र टाळा: `time.google.com` इतर सर्व्हरबरोबर मिसळू नका. लीप सेकंद, म्हणजे यूटीसीत अधूनमधून घातला जाणारा जादा सेकंद, आला की गूगलचे सर्व्हर तो एकदम न मोजता अनेक तासांमध्ये पसरवतात. त्या काळात त्यांची वेळ इतरांशी जुळत नाही. वापरायचेच तर फक्त त्यांचेच चार वापरा.

किती वेळाने जुळणी करायची असा रकाना असेल तर तासाला एकदा किंवा दिवसातून काही वेळा, एवढं भरपूर झालं. राउटरमधला क्वार्ट्‌झचा स्फटिक दहा लाखांत वीस भाग चुकतो असं धरलं, तरी दिवसाला दोन सेकंदांपेक्षा कमी फरक पडतो, महिन्याला जेमतेम पन्नास सेकंद. दर मिनिटाला विचारून तुम्हाला काही जास्त मिळत नाही, सर्व्हरवर मात्र बोजा पडतो. २००३ साली नेटगिअरच्या काही राउटरमध्ये विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या वेळ-सर्व्हरचा पत्ता कायमचा घालून ठेवलेला होता, आणि उत्तर मिळालं नाही की ते राउटर दर सेकंदाला पुन्हा विचारत. त्या विनंत्यांच्या पुराने विद्यापीठाचं नेटवर्क बेजार झालं. pool.ntp.org चे सर्व्हर तर स्वयंसेवक चालवतात. त्यांच्या सौजन्याचा मान राखावा.

तिसरी पायरी, सेव्ह करून एक-दोन मिनिटं थांबणं आणि पान पुन्हा उघडून वेळ मोबाइलशी ताडून पाहणं. सेकंदभराचा फरक चालेल. मिनिटाचा असेल तर जुळणी झाली असं समजू नका.

बऱ्याच राउटरमध्ये ‘या कॉम्प्युटरची वेळ घ्या’ अशा अर्थाचं बटण असतं. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरवर स्वतः बसवता येणाऱ्या मुक्त फर्मवेअरमध्ये त्याचं नाव `Sync with browser`. ते दाबलं की वेळ लगेच बरोबर दिसते आणि काम झालं असं वाटतं. पण ती वेळ एकदाच भरली जाते आणि पुढच्या वेळी वीज गेली की नाहीशी होते. जुळणी अडकली असेल तर सुटका म्हणून ते वापरा, उपाय म्हणून नको.

त्याहून वाईट म्हणजे टाइम झोन चुकीचा असताना हाताने वेळ भरणं. समजा झोन यूटीसीवर आहे आणि घड्याळ साडेपाच तास मागे दिसतंय. तुम्ही आकडे बदलून स्थानिक वेळ भरली. पानावर आता सगळं बरोबर दिसतं, पण आतली यूटीसी साडेपाच तास पुढे गेलेली असते. काही वेळाने एनटीपी आपलं काम करतं, यूटीसी दुरुस्त करतं, आणि दिसणारी वेळ पुन्हा साडेपाच तास मागे जाते. ‘मी लावतो आणि ते आपोआप बिघडतं’ ही तक्रार बहुतेक वेळा इथून येते. बिघडवणारं एनटीपी नसतं, तेच बरोबर असतं.

जुळणीच होत नसेल तर

एनटीपी चालू आहे, नावं बरोबर आहेत, तरी वर्ष जुनंच. अशा वेळी मी तीन ठिकाणं बघतो.

पहिलं, राउटरला स्वतःला इंटरनेट आहे का? प्रश्न विचित्र वाटेल, कारण घरातलं सगळं चालू असतं. पण तोच डबा ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे दुसऱ्या मुख्य राउटरच्या मागे फक्त वाय-फाय पसरवायला लावला असेल, तर मोबाइल-लॅपटॉपची वाहतूक त्याच्यातून सरळ पलीकडे जाते. त्या डब्याला स्वतःला बाहेर जायचं तर गेटवे, म्हणजे बाहेर जायच्या दाराचा पत्ता, आणि डीएनएस, म्हणजे नावावरून आकडी पत्ता शोधून देणारी सेवा, लागतात. आयपी पत्ता हाताने दिलेला असला की हे दोन रकाने हटकून रिकामे राहतात. दोन्ही ठिकाणी मुख्य राउटरचा पत्ता भरा, जुळणी लगेच होते.

दुसरं, डीएनएस आणि घड्याळ एकमेकांवर अडून बसलेत का? डीएनएसच्या उत्तरांवरच्या सह्या तपासण्याची सोय, म्हणजे डीएनएसएसईसी, किंवा कूटबद्ध डीएनएस तुम्ही राउटरवर चालू केला असेल, तर ही अडचण येते. सह्यांना आणि प्रमाणपत्रांना मुदत असते. राउटरच्या मते आज १९७० साल असेल तर आजचं प्रत्येक प्रमाणपत्र त्याला ‘अजून लागू न झालेलं’ वाटतं आणि तो ते नाकारतो. मग `0.pool.ntp.org` या नावाचा पत्ता सापडत नाही, पत्ता नाही म्हणून वेळ मिळत नाही, आणि वेळ नाही म्हणून डीएनएस चालत नाही. घरात तक्रार येते ती ‘लाइट गेल्यापासून नेट बंद आहे’ अशी. यातून सुटायचा सोपा मार्ग म्हणजे सर्व्हरच्या यादीत नावांसोबत एक आकडी पत्ता देणं, म्हणजे नाव शोधायची गरजच उरत नाही. `time.cloudflare.com` चा पत्ता `162.159.200.1` आहे. नावं मात्र काढू नका, कारण आकडी पत्ते पुढेमागे बदलू शकतात.

तिसरं, बाहेर जाणारं १२३ पोर्ट अडवलेलं आहे का? काही कार्यालयीन किंवा वसतिगृहांच्या नेटवर्कमध्ये असं असतं. तिथे नेटवर्क चालवणाऱ्यांचा स्वतःचा वेळ-सर्व्हर असतो, त्याचं नाव मागून घ्या. इंटरनेट कंपनीने दिलेल्या राउटरमध्ये आणखी एक शक्यता आहे: वेळेची सेटिंगं कंपनी दुरून भरते, आणि तुम्ही बदललेली सेटिंगं काही वेळाने जुन्यावर येतात. हे वारंवार होत असेल तर त्यांच्या मदत केंद्राला नेमकं ‘टाइम झोन चुकीचा येतोय’ असंच सांगा. ‘नेट नीट चालत नाही’ म्हटलंत तर वेग तपासून फोन ठेवतील.

ओपनडब्ल्यूआरटी वापरत असाल तर

इथे सगळं उघडं दिसतं, म्हणून समजून घ्यायलाही हे चांगलं. राउटरवर एसएसएचने, म्हणजे कॉम्प्युटरवरून आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून, शिरा आणि या दोन ओळी चालवा:

```
date
date -u
```

पहिली स्थानिक वेळ दाखवते, दुसरी यूटीसी. उत्तर असं यायला हवं:

```
Tue Mar 11 09:12:40 IST 2025
Tue Mar 11 03:42:40 UTC 2025
```

दुसरी ओळ बरोबर आणि पहिली चुकीची असेल तर झोन बिघडलाय. दुसरीच चुकीची असेल तर आधी जुळणीकडे बघा. दोन्ही ओळींत `UTC` दिसलं तर झोन लावलेलाच नाही. तो असा लावायचा:

```
uci set system.@system[0].zonename='Asia/Kolkata'
uci set system.@system[0].timezone='IST-5:30'
uci commit system
/etc/init.d/system reload
```

दुसऱ्या ओळीतलं वजाचं चिन्ह पाहून अनेकांना ती चूक वाटते. भारत यूटीसीच्या पुढे आहे, मग अधिक हवं ना? या लेखनपद्धतीत आकडा उलट बाजूने वाचायचा असतो: स्थानिक वेळेत काय मिळवलं की यूटीसी येते, ते तिथे लिहितात. आपल्याकडे नऊ बारा वाजलेत, त्यातून साडेपाच तास वजा केले की यूटीसी तीन बेचाळीस. म्हणून वजा. ‘दुरुस्ती’ करून `IST+5:30` लिहिलं की घड्याळ एकदम अकरा तास मागे जातं. मघाचा अकरा तासांचा फरक तो हाच. ब्राउझरमधल्या पानावरून शहर निवडलं तर ही ओळ आपोआप नीट भरली जाते, म्हणून नवख्यांनी तोच मार्ग घ्यावा.

सर्व्हर उत्तर देतोय का हे घड्याळाला हात न लावता पाहता येतं:

```
ntpd -dnwq -p 0.openwrt.pool.ntp.org
```

उत्तरात `offset` या शब्दापुढचा आकडा म्हणजे तुमचं घड्याळ किती सेकंदांनी चुकतंय. तो शून्य पूर्णांक शून्य-काहीतरी असेल तर उत्तम. काहीच उत्तर आलं नाही तर वरची तीन ठिकाणं तपासा.

झोन बदलल्यावर एक काम राहतंच. आधीपासून चालू असलेल्या सेवांना नवा झोन कळलेला नसतो. ठरल्या वेळी कामं करणारा क्रॉन आणि फायरवॉलचे वेळेवर चालणारे नियम, दोन्ही पुन्हा सुरू करा:

```
/etc/init.d/sysntpd restart
/etc/init.d/cron restart
/etc/init.d/firewall restart
```

इतर राउटरवर हेच काम एकदा राउटर बंद-चालू केल्याने होतं. झोन बदलून पानावरची वेळ सुधारली, पण नियम जुन्याच वेळी चालतोय असं दिसलं, तर हे राहून गेलंय.

रोज पहाटे, समजा साडेचारला, राउटर आपोआप रीबूट करायची सवय असेल तर इथे एक सापळा आहे. ओपनडब्ल्यूआरटी सुरू होताना `/etc` मधल्या सर्वांत अलीकडे बदललेल्या फाइलची वेळ घड्याळाला देतो, म्हणजे निदान १९७० तरी नको. पण साडेचारच्या सुमाराची वेळ अशा फाइलवर असेल, तर रीबूटनंतर घड्याळ पुन्हा साडेचारच्या अलीकडून सुरू होऊ शकतं. जुळणी व्हायच्या आत साडेचार वाजले की पुन्हा रीबूट, आणि हे चक्र चालूच. म्हणून ओळ अशी लिहितात:

```
30 4 * * * sleep 70 && touch /etc/banner && reboot
```

सत्तर सेकंद थांबल्याने साडेचारचं मिनिट उलटून जातं, आणि `touch` मुळे फाइलवर त्यानंतरची वेळ पडते. राउटर सुरू होतो तो साडेचारनंतरच्या वेळेवर.

आता तो रात्री दहाचा नियम

सुरुवातीच्या तक्रारीत काय होत होतं ते आता आकड्यांत बघू. नियम असा: रविवार ते गुरुवार, रात्री २२:०० ते सकाळी ०६:००, टॅबलेटचं इंटरनेट बंद. राउटर यूटीसीवर. यूटीसीप्रमाणे रविवारचे २२:०० म्हणजे आपल्याकडे सोमवारची पहाट, ०३:३०. यूटीसीचे सोमवारचे ०६:०० म्हणजे आपल्याकडे सोमवारी सकाळी ११:३०. म्हणजे बंदी पहाटे साडेतीनला लागते आणि साडेअकराला उठते. ज्या वेळेसाठी नियम केला, ते रात्रीचे दहा ते साडेतीन मात्र मोकळे. घरातल्या कुणी वैतागून नियमाची वेळ साडेपाच तास अलीकडे ओढली, म्हणजे १६:३० ते ००:३० केली, तर तो चालेलही. पण पुढे कधी झोन दुरुस्त झाला की दुपारी साडेचारलाच नेट जाईल. चुकीच्या घड्याळावर नियम बेतून बसवू नका, घड्याळच लावा.

झोन आणि जुळणी दोन्ही बरोबर केल्यावरही मध्यरात्र ओलांडणाऱ्या नियमात एक गोम राहते. काही राउटर सुरुवातीच्या वेळेपेक्षा शेवटची वेळ लहान असलेला नियम स्वीकारतच नाहीत, काही स्वीकारतात पण पाळत नाहीत. तिथे नियम दोन तुकड्यांत करावा लागतो: २२:०० ते २३:५९ आणि ००:०० ते ०६:००. तुकडे करताना वार सरकवायला विसरू नका. रविवार ते गुरुवारच्या रात्रींसाठी पहिला तुकडा रविवार ते गुरुवार, पण दुसरा सोमवार ते शुक्रवार. दोन्हींना तेच वार दिले तर रविवारची पहाट विनाकारण बंद राहते आणि गुरुवारी मध्यरात्रीनंतर नेट पुन्हा सुरू होतं.

वीज गेल्यानंतरची काही मिनिटंही लक्षात घ्या. घड्याळ जुळेपर्यंत वेळापत्रकाचं काय करायचं हे प्रत्येक फर्मवेअर आपापल्या परीने ठरवतं. काही नियम लागूच करत नाहीत, काही जुन्या घड्याळावरच लागू करतात. १ जानेवारी १९७० हा गुरुवार होता. भारतीय झोन लावलेला राउटर त्या दिवशीच्या पहाटे ०५:३० पासून मोजायला लागला, आणि बुधवारची रात्र बंदीत असेल, तर बंदीचा अजून अर्धा तास शिल्लक असतो! म्हणजे जुळणी झालीच नाही तर राउटर सुरू झाल्यावर टॅबलेटचं नेट अर्धा तास बंद आणि मग दिवसभर चालू, घड्याळात खरे कितीही वाजले असोत. राउटर चालू-बंद केला की नियमाची वेळ बदलते असं दिसलं, तर जुळणी तपासा.

नियमाची चाचणी रात्रीची वाट न पाहता दिवसा करा. एकाच उपकरणासाठी पाच मिनिटांनी सुरू होणारा आणि दहा मिनिटं चालणारा तात्पुरता नियम लावा. सुरुवातीला नेट जातं का आणि शेवटी परत येतं का, ही दोन्ही टोकं बघा. तपासताना नवं पान उघडा, आधीपासून चालू असलेला व्हिडिओ बघत बसू नका. बऱ्याच राउटरमध्ये नियम फक्त नव्या जोडण्या अडवतो, जुनी जोडणी तुटेपर्यंत चालू राहते. तो घड्याळाचा दोष नव्हे. तसंच मोबाइल दर नेटवर्कला वेगळा मॅक पत्ता, म्हणजे राउटर ज्यावरून उपकरण ओळखतो तो क्रमांक, दाखवत असेल तर नियम त्याला ओळखतच नाही; घरच्या वाय-फायसाठी ती सोय मोबाइलमध्ये बंद करा. नियम कुठल्याच वेळी लागत नसेल तर कारण बहुधा हे, वेळ नाही.

लॉग वाचताना

शेवटची परीक्षा लॉगमध्ये, म्हणजे राउटरच्या नोंदवहीत, घ्यायची. राउटर बंद करून चालू करा, पाचेक मिनिटं थांबा, आणि `System Log` उघडा. ओपनडब्ल्यूआरटीवर `logread` चालवा. सुरुवातीच्या ओळींवर जुनी वेळ असेल आणि मग एका ठिकाणी वेळ उडी मारून आजवर येईल. तीच जुळणीची जागा. जुळणीआधीच्या ओळी मागे जाऊन दुरुस्त होत नाहीत, म्हणून राउटर नुकताच सुरू झाला असेल तर त्या ओळींच्या वेळेवर विसंबू नका. त्यांचा क्रम मात्र खरा असतो. उडीच्या आसपास क्रॉनची `time disparity of ... minutes detected` अशी ओळ दिसू शकते. ती पाहून घाबरू नका, घड्याळ फार सरकलं एवढंच ती सांगते. उडी दिसलीच नाही आणि लॉग शेवटपर्यंत जुन्याच तारखेवर राहिला, तर जुळणी अडकलीय.

लॉग दुसऱ्या कुणाला दाखवायचा असेल, उदाहरणार्थ रोज ठरावीक वेळी लाइन तुटते म्हणून इंटरनेट कंपनीकडे तक्रार करायची असेल, तर सोबत झोन लिहा: ‘सर्व वेळा भारतीय प्रमाणवेळेत’. जुन्या पद्धतीच्या सिसलॉग ओळीत ना वर्ष असतं ना झोन, नुसतं `Mar 11 09:12:40`. वाचणाऱ्याने ती यूटीसी धरली तर त्याच्या नोंदींत त्या वेळी काहीच सापडणार नाही. उन्हाळी वेळ पाळणाऱ्या देशांत तर घड्याळ मागे जातं त्या रात्री एक तास दोनदा येतो, आणि स्थानिक वेळेतल्या लॉगमध्ये पहिल्या फेरीची नोंद कोणती आणि दुसऱ्या फेरीची कोणती हे वेळेवरून कळतच नाही. अनेक उपकरणांचे लॉग एकत्र जमवणारे लोक म्हणूनच सगळीकडे यूटीसी ठेवतात. घरच्या एका राउटरसाठी तसं करू नका, कारण त्याच घड्याळावर वेळापत्रकंही चालतात.

उन्हाळी वेळेच्या देशांत राहत असाल तर घड्याळ बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी फरक एकदा पुन्हा मोजा. हे नियम सरकारं बदलत असतात. मेक्सिकोने २०२२ मध्ये देशाच्या बहुतेक भागात उन्हाळी वेळ बंद केली. राउटरला झोनचे नियम फर्मवेअरमधून मिळतात, एनटीपीकडून नाही. फर्मवेअर त्या बदलाच्या आधीचं असेल तर राउटर जुन्या नियमाने तासभर सरकेल, आणि जुळणी कितीही उत्तम चालू असली तरी तो तास सुधारणार नाही. तिथे फर्मवेअर अद्ययावत करा. नवं फर्मवेअर येतच नसेल, तर त्याच आकड्याचं, पण उन्हाळी वेळ न पाळणारं दुसरं शहर यादीतून निवडा.